लॉकआउटची एक टेस्ट का पुरत नाही

«पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, खातं लॉक झालं, टेस्ट पास. लॉकआउटवर एवढ्या टेस्ट केसेस कशाला? छोट्या टीमकडे एवढा वेळ नसतो.»

नमस्कार. वेळेची ओढाताण मलाही ठाऊक आहे, इथे नाशिकमध्ये आम्ही तिघंच आहोत. पण तुमची ही टेस्ट आमच्याकडेही पास झाली होती आणि तरी लॉकआउटला वळसा घालता येत होता.

द्राक्ष बागायतदारांसाठीचं एक पोर्टल होतं. निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी त्यावर किती माल उचलला आणि किती पैसे जमा झाले ते पाहायचे. लॉगिन आयडी `NSK0412` अशा धाटणीचा, ५ चुकांनंतर खातं १५ मिनिटं बंद. मी ५ चुका करून खातं बंद केलं, मग `nsk0412` असं लहान अक्षरांत लिहून बरोबर पासवर्ड दिला. सरळ आत गेलो.

खातं शोधलं जात होतं MySQL मध्ये. त्याच्या नेहमीच्या कोलेशनला लहान-मोठं अक्षर एकच. चुकांची मोजणी मात्र Redis मध्ये, आयडी जसा टाइप केला तशाच नावाने, आणि तिथे ही दोन नावं वेगळी. तीन अक्षरांची ८ रूपं होतात, प्रत्येक रूपाला ५ संधी, म्हणजे ५ च्या जागी ४० प्रयत्न. दुरुस्ती छोटी होती: आलेला आयडी आधी एका ठरलेल्या रूपात आणायचा आणि शोध व मोजणी दोन्ही त्यावरच करायची.

इंजेक्शनची टेस्टही इथेच जोडून घ्या. `NSK0412'` दिल्यावर नेहमीचा «आयडी किंवा पासवर्ड चुकीचा» हाच संदेश यायला हवा. `500` आला, तर ते अवतरणचिन्ह क्वेरीत कच्चंच जातंय का, ते कोडमध्ये पाहा.

मला जास्त काळजी उलट बाजूची वाटते. हा आयडी क्रेटवरच्या चिठ्ठीवर छापलेला असायचा. म्हणजे कुणीही दर १५ मिनिटांनी ५ चुका करून ऐन तोडणीत एखाद्या शेतकऱ्याला बाहेर ठेवू शकतो. म्हणून एक टेस्ट अशी: शेतकरी एका फोनवर लॉगिन असताना दुसरीकडून खातं लॉक करा. त्याचं चालू सेशन तुटता कामा नये. त्याने पासवर्ड बदलला, तर मात्र बाकीची सगळी सेशन्स संपलीच पाहिजेत. लॉक असताना केलेल्या चुकांनी मुदत पुढे सरकते का, तेही बघा. सरकत असेल, तर त्रास देणाऱ्याला खातं कायमचं बंद ठेवता येतं.

वेळ अगदीच कमी असेल, तर लहान-मोठ्या अक्षरांची टेस्ट आधी करा, दोन मिनिटांचं काम आहे. त्यानंतर २० चुकीच्या विनंत्या एकाच क्षणी पाठवा आणि पासवर्डची तपासणी कितींची झाली ते लॉगमध्ये मोजा. ५ पेक्षा जास्त निघाल्या, तर कोड आधी आकडा वाचतो आणि नंतर वाढवतो, मधल्या फटीत बाकीच्या विनंत्या निसटतात. एकामागून एक हाताने केलेल्या ५ चुकांत ही फट कधीच दिसत नाही.