धंदा निवडताना वर्षाचा नफा बघू नका, एप्रिल महिना बघा

घरबसल्या काही सुरू करायचं म्हटलं की आपल्या सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वर्षाला किती सुटतील?" ज्या घरात येणारा पैसा कमी-जास्त होतो आणि जाणारा पैसा मात्र ठरलेला असतो, त्या घरानं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, असं माझं ठाम मत आहे. आधी विचारावं की पैसा हातात कोणत्या महिन्यात येणार आणि तोवर घर कशावर चालणार.

आमच्या गल्लीतल्या एका वैनीचा हिशोब सांगते. तिची परवानगी घेतली आहे, आकडे थोडे गोल केलेत. भाडं, किराणा, लाईट बिल, पोरांच्या फिया आणि सासूबाईंची औषधं मिळून घराला महिन्याला १८,००० लागतात. दादा यंत्रमागावर आहेत, मजुरी आठवड्याला आणि निघालेल्या कामावर. चांगल्या महिन्यात १३,००० येतात. टॉवेलला उठाव नसला की ८,००० वर येतात. लोक इथं सरासरी काढतात, साडेदहा धरतात आणि साडेसात हजारांचा धंदा शोधतात. मी तिला ८,००० च धरायला लावले. भाडं मागायला येणारा सरासरी विचारत नाही. म्हणजे तिला महिन्याला १०,००० हवेत, आणि तेही दर महिन्याला.

तिच्यापुढे पहिली कल्पना होती शाळेच्या गणवेशांची. आपलं शहर गणवेशासाठी ओळखलं जातं, तिच्याकडे दोन मशिनी आहेत, हात साफ आहे. स्वतः कापड घ्यायचं, शिवायचं, दुकानांना द्यायचं. वर्षाची विक्री ३ लाख ६० हजार, कापड, बटणं, काज, ओव्हरलॉक, मदतनीस बाईची मजुरी असा खर्च २ लाख, म्हणजे १ लाख ६० हजार सुटतात. तिला वर्षाला लागतात १ लाख २० हजार. कागदावर वर ४०,००० उरतात, म्हणून घरात सगळ्यांनी होकार दिला होता.

मग आम्ही वहीत बारा महिन्यांचे रकाने आखले. नियम एकच ठेवला: बिल कधी केलं ते लिहायचं नाही, पैसा हातात किंवा खात्यात कधी पडला ते लिहायचं. कापड रोखीनं घ्यावं लागतं. जानेवारीत ४०,०००, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ६०-६० हजार, एप्रिलमध्ये ४०,०००. माल एप्रिलपासून जायला लागतो, कारण शाळा जूनच्या मध्याला उघडतात. दुकानदार मात्र आपला माल विकला गेल्यावर देतो. मे महिन्यात ४०,०००, जून-जुलैत एकेक लाख, ऑगस्टमध्ये ७०,०००, राहिलेले ५०,००० सप्टेंबरमध्ये. त्यात दर महिन्याला घराचे १०,००० वजा करत गेलो आणि शिल्लक पुढच्या रकान्यात ओढत नेली. जानेवारीअखेर उणे ५०,०००. फेब्रुवारीत उणे १ लाख २० हजार. मार्चमध्ये उणे १ लाख ९० हजार. एप्रिलअखेर उणे २ लाख ४० हजार. तिथून वर चढायला सुरुवात होते आणि ऑगस्टमध्ये आकडा पहिल्यांदा अधिक होतो.

हा जो सगळ्यात खालचा आकडा आहे, त्याला मी खड्डा म्हणते. धंद्याला भांडवल किती लागेल याचं खरं उत्तर नफ्यात नसतं, या खड्ड्यात असतं. त्यात नुसतं कापड नाही, चार महिन्यांचं घरही आहे, आणि तेच लोक धरायला विसरतात. वैनीकडे साठलेले होते ३०,०००. राहिलेले कुठून? ओळखीतला एक जण महिन्याला ३ टक्क्यांनी द्यायला तयार होता. तिची शिल्लक अडीनडीला बाजूला ठेवून खड्डा सगळा उसन्यावर भरला, तर जानेवारी ते जुलैचं व्याज जवळजवळ २९,००० होतं. वर उरणाऱ्या चाळीस हजारांतले अकरा राहिले. एका दुकानदारानं सप्टेंबरचे ५०,००० अडकवले की घरच उलटं देणं लागतं. धंदा नफ्यातच असतो, कापड चांगलं असतं, शिलाई चांगली असते, तरी घर बुडतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. गटाचं कर्ज घेऊन कापड भरायचं असं तिच्या मनात होतं. ज्या कर्जाचा हप्ता आठवड्याला आहे, ते मेपर्यंत पैसा न देणाऱ्या धंद्याला लावू नका, व्याज कितीही कमी असो. भिशीचंही तसंच. भिशी लवकर उचलली की पुढच्या प्रत्येक महिन्याचा हप्ता हा घराचा ठरलेला खर्च होतो, तो त्या १८,००० मध्ये मिळवावा लागतो.

दुसरी कल्पना कडक भाकरीची. ज्वारीचं पीठ, गॅस, पिशवी धरून दुकानाला देताना भाकरीमागे अडीच रुपये सुटतात. दहा हजारांसाठी महिन्याला ४,००० भाकरी, पंचवीस दिवस धरले तर रोज १६०. भांडवल पिठापुरतं, पैसा आठवड्यात परत. खड्डा जवळजवळ नाहीच. पण थापणं, भाजणं आणि कडक करणं मिळून दिवसाचे सहा-सात तास चुलीपुढे, आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की भाकरी मऊ पडते, बुरशी धरते, माल परत येतो. एकट्या बाईनं वर्षभर १६० करणं मला पटत नाही. अंगावर निघणारा खर्च हिशोबात दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही.

शेवटी ठरलं ते असं: गणवेशच, पण आधी जॉबवर्क. कापड कारखानदाराचं, कापणी त्याची, शिलाई हिची, नगावर मजुरी, आठवड्याला रोख. हात तेच, मशीन तेच, फक्त दुकानदारानं पैसे देईपर्यंत थांबण्याचं ओझं दुसऱ्यावर. मजुरीत नफा कमी, हे खरं आहे. सीझनमध्ये आठवड्याला तीन हजारांपर्यंत पडतात, जुलैनंतर काम निम्म्यावर येतं. म्हणून सीझनमधला दहा हजारांवरचा पैसा वेगळ्या खात्यात टाकायचा आणि दर महिन्याच्या ५ तारखेला तिथून घरात ठरलेलीच रक्कम आणायची. भाकरी दिवाळीनंतर, थंडीत, सासूबाईंच्या मदतीनं रोज साठ-सत्तर. दोन्ही मिळून बारा रकाने मांडले तर एकाही महिन्यात शिल्लक उणे जात नाही. वर्षाचा नफा पहिल्या कल्पनेपेक्षा कमी आहे, आणि तरी मी हीच निवड बरोबर मानते.

स्वतःचा माल कायमचा सोडायचा असं नाही. पुढच्या जानेवारीत एकाच दुकानाची, फक्त शर्टांची ६०,००० ची ऑर्डर घ्यायची, निम्मे पैसे आगाऊ. त्यात कापड आगाऊ पैशातच निघतं, खड्डा तिच्या तीस हजारांत बसतो. आगाऊ द्यायला दुकानदार नाही म्हणाला तर ऑर्डर नाही. 'उद्यम' नोंदणीही तिनं आत्ताच करून घेतली, ती फुकट आहे. माल बनवणाऱ्या नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे खरेदीदारानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो, उशीर झाला तर व्याजही लागतं. गिऱ्हाईक तुटेल म्हणून तक्रार कुणी करत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली असली की मागताना बोलणं सोपं जातं.

आणि धंदा चालू झाल्यावर बिघाड कसा ओळखायचा, तर वाण्याच्या वहीवरून. ऑर्डरी भरपूर असताना किराण्याची उधारी दोन महिने सलग वाढली, तर घराचा पैसा दुकानदाराच्या फळीवर जाऊन बसलाय असं समजा. त्या आठवड्यात नवं कापड घेऊ नका, आधी सगळ्यात जुनी उधारी कुणाकडे आहे ती तारीख काढा आणि तिथं जाऊन बसा.