स्पेनची तिजोरी भरलेली होती, दाजी

"सार्कमधल्या सगळ्या देशांचं एकच चलन करा, बघा कशी भरभराट होते! १) युरोपनं युरो आणला आणि व्यापारातली कटकट संपली. २) एवढ्या मोठ्या भारतात एक रुपया चालतो, मग शेजाऱ्यांत का नाही चालणार? ३) ग्रीस-स्पेन बुडाले ते आळशीपणानं आणि उधळपट्टीनं, त्यात चलनाचा काय दोष? ४) हे आम्ही नाही, नोबेल विजेते रॉबर्ट मुंडेल सांगतात. पटलं तर पुढे पाठवा."

आधी दोन-तीन ग्रुपांवर हे येऊन गेलं, तेव्हा सोडून दिलं. काल दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "बरोबर आहे की." दाजी टॉवेल निर्यात करतात. डॉलरचा भाव बघितल्याशिवाय सकाळचा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नाही. त्यांना हे पटावं म्हणजे कमाल झाली. म्हणून लिहायला बसलो. सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण माझं डोकं तिथंच फिरलं.

ग्रीसचं आधी उरकून टाकू. ग्रीसच्या सरकारनं हिशेब लपवले होते, हे मान्य. २००९ची तूट त्यांनी आधी सांगितली त्याच्या कितीतरी वर निघाली, शेवटी देशाच्या उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपुढे गेली. उधळपट्टी म्हणायची तर ग्रीसपुरती म्हणा. आळशीपणा मात्र नाही. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेचे आकडे कुणीही काढून बघावेत: ग्रीक कामगार वर्षाकाठी जर्मन कामगारापेक्षा शेकडो तास जास्त राबतो.

पण स्पेन? स्पेनच्या सरकारनं २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षं शिलकी अंदाजपत्रक चालवलं. खर्च भागवून पैसा उरत होता. २००७ साली सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ३६ टक्के होतं. युरोची मर्यादा ६० टक्क्यांची, आणि जर्मनीचं त्याच वर्षी त्याहून थोडं वर. म्हणजे नियम पाळणारा स्पेन, आणि रेषेपलीकडे उभा जर्मनी. तरी सहा वर्षांनी स्पेनमधली बेकारी २६ टक्क्यांवर आणि जर्मनीत सगळं आबादीआबाद. हे आळशीपणानं कसं होतं, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं मला समजावून सांगावं. २००७ला कष्टाळू असलेला माणूस २०१३पर्यंत आळशी झाला का?

झालं ते असं. एक चलन म्हणजे एक मध्यवर्ती बँक, आणि एक बँक म्हणजे सगळ्यांना एकच व्याजदर. युरोपच्या मध्यवर्ती बँकेनं जून २००३पासून डिसेंबर २००५पर्यंत दर २ टक्क्यांवर ठेवला. जर्मनीची तब्येत तेव्हा बरी नव्हती, बेकारी ११ टक्क्यांवर पोचली होती, तिला स्वस्त पैसा हवाच होता. स्पेन मात्र तेव्हा जोरात होता. तिथं महागाई ३ टक्क्यांच्या वर आणि घरांच्या किमती वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढत होत्या. मी बँकेत कर्जविभागात बसतो, मला या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्या गावात महागाई वजा केली की व्याज जवळजवळ शून्य उरतं, तिथं कर्ज न घेणाराच वेडा ठरतो. लोकांनी घरं घेतली, बिल्डरांनी बांधली, आणि पैसा पुरवला जर्मन-फ्रेंच बँकांनी, कारण आता पेसेटा, म्हणजे स्पेनचं जुनं चलन, पडायची भीती नव्हती. शेवटी शेवटी दर आठ कामगारांतला एक बांधकामावर होता. स्पेनची स्वतःची मध्यवर्ती बँक दर ठरवत असती, तर तिनं २००४लाच व्याज वाढवून हे थंड केलं असतं. तो खटका तिच्या हातात नव्हता.

मग २००८ आलं आणि बांधकाम थांबलं. आता स्पेनला नेमकं उलटं हवं होतं: व्याज उतरावं आणि चलन स्वस्त व्हावं, म्हणजे माल बाहेर खपेल. पण युरोपच्या मध्यवर्ती बँकेनं २०११च्या एप्रिलमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये दर चक्क वाढवला, कारण सगळ्यांची सरासरी काढली तर महागाई दिसत होती.

इथं दाजींच्या धंद्यातलाच हिशेब मांडतो. समजा एका स्पॅनिश कारखान्याचा माल १० युरोला पडतो आणि बाहेर तो ८ युरोलाच उठतो. देशाचं स्वतःचं चलन असतं तर ते २० टक्क्यांनी घसरलं असतं. पेट्रोल, आयातीचा माल महागला असता, लोकांनी आरडाओरडा केला असता. पण पगार, भाडं, कर्ज सगळं देशी चलनात, सगळं एकदम खाली, आणि माल पुन्हा ८च्या भावात बसला असता. ब्रिटनचा पौंड २००८मध्ये साधारण पाव हिश्शानं असाच घसरला. युरोत हा रस्ता बंद. मग उरतो तो एकच मार्ग, प्रत्येकाचा पगार कापायचा. महिना १५०० युरोवाल्याला १२०० करायचे. राजीखुशी कुणी ऐकत नाही, म्हणून आधी लोकांना घरी बसवतात, आणि बेकारांची रांग लांबली की पगार हळूहळू उतरतो. पाच-सहा वर्षं जातात त्यात. आणि कर्ज मात्र एका युरोनंही उतरत नाही. १५०० पगारात ६०० युरोचा हप्ता म्हणजे ४० टक्के. १२०० पगारात तोच हप्ता ५० टक्के. तिथली बरीच गृहकर्जं बदलत्या दराची होती, त्यामुळे पुढं व्याज उतरलं तसा हप्ता काहीसा हलका झाला, हे खरं. मुद्दल तेवढंच राहिलं, आणि नोकरीच गेलेल्याला त्याचा काय उपयोग? शिवाय स्पेनमध्ये घराची किल्ली बँकेला दिली म्हणून सुटका होत नाही. लिलावात घर कमी किमतीला गेलं तर उरलेलं कर्ज मागं लागतंच.

हे सगळं होत असताना सरकारचा कर आटला, बेकारभत्ता वाढला, बुडत्या बँका सावराव्या लागल्या, आणि शिलकी तिजोरी तुटीत गेली. म्हणजे तूट संकटातून जन्मली. फॉरवर्डवाल्यानं क्रमच उलटा लावलाय.

पुरावा हवा असेल तर २०१२चा जुलै बघा. ब्रिटनच्या सरकारवर उत्पन्नाच्या मानानं स्पेनपेक्षा जास्त कर्ज होतं. तरी ब्रिटनला दहा वर्षांसाठी २ टक्क्यांच्या आत पैसा मिळत होता आणि स्पेनला ७ टक्क्यांच्या वर. कारण ब्रिटनचं कर्ज पौंडात, आणि वेळ आली तर पौंड छापणारी बँक त्यांची स्वतःची. स्पेनचं कर्ज युरोत, आणि युरो छापणं स्पेनच्या हातात नाही. २६ जुलैला युरोपीय बँकेचे प्रमुख मारिओ द्रागी लंडनमध्ये म्हणाले, युरो वाचवायला जे लागेल ते करू. पुढे त्यासाठी रोखे खरेदीची योजना जाहीर झाली, त्या योजनेखाली एकही रोखा विकत घ्यावा लागला नाही, आणि तरी स्पेनचं व्याज उतरत गेलं. स्पॅनिश माणूस त्या भाषणानं काही कामसू झाला नव्हता.

आता मुंडेल. नोबेल त्यांना १९९९ला मिळालं, आणि पुढं ते युरोचे समर्थक होते, हेही खरं; अर्धं सत्य द्यायचं तर पूर्ण देतो. पण ज्या लेखामुळे त्यांचं नाव या विषयाला चिकटलं तो १९६१चा आहे, आणि त्यात काय आहे ते फॉरवर्डमध्ये कुणी सांगत नाही. त्यांनी अमेरिका आणि कॅनडा घेतले. समजा दोन्ही देशांच्या पूर्व भागात मोटारी बनतात आणि पश्चिम भागात लाकूड. मोटारींची मागणी कमी पडली आणि लाकडाची वाढली, तर पूर्वेत बेकारी आणि पश्चिमेत महागाई. बँकेनं पैसा सैल केला तर पश्चिमेची महागाई भडकते, आवळला तर पूर्वेची बेकारी. एका चलनाला दोन्ही दुखणी एकदम बरी करता येत नाहीत. मग एक चलन कुठं चालेल? जिथं पूर्वेचा कामगार उठून पश्चिमेला जाऊ शकतो तिथं. चलनाची सीमा देशाच्या नकाशावरून ठरवू नका, माणूस आणि पैसा कुठपर्यंत सहज हलतो त्यावरून ठरवा, असा त्या लेखाचा सगळा रोख आहे.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर यातच आहे, आणि ते शोधायला सोलापूरबाहेर जायला नको. इथल्या गिरण्या बंद पडल्या, पॉवरलूमला मंदी आली, तेव्हा पुण्यात कंपन्या जोरात होत्या. रिझर्व्ह बँकेनं सोलापूरसाठी वेगळा व्याजदर काढला नाही. तरी गाव तगलं, कारण पोरं गाडीत बसून पुण्याला गेली. तिथं भाषा तीच, दाखला तोच, आणि महिन्याअखेर घरी पैसे. दुसरं म्हणजे दिल्लीची तिजोरी. मुंबई-पुण्यातून गोळा झालेला कर पेन्शन, रेशन, अनुदान या वाटांनी इकडेही येतो, आणि त्यासाठी सोलापूरला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. भारतात केंद्राचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या साधारण १५ टक्के. युरोपीय संघाचं सामाईक अंदाजपत्रक एक टक्क्याच्या आसपास. स्पेनमधल्या मलागाच्या गवंड्याला जर्मनीतल्या म्युनिकला जायची मुभा आहे, पण जर्मन येत नाही, आणि त्याच्या कर्जाच्या घराला गिऱ्हाईक नाही.

आणि आपलं तरी फुकट झालं असं नाही. रुपया टिकला, पण त्याची किंमत म्हणून तरणी माणसं गेली. ज्यांच्या माडीवर आता फक्त आई-वडील राहतात त्यांना विचारा.

पहिला मुद्दा बरोबर आहे. भाव बदलण्याचा खर्च वाचतो, करार करताना धाकधूक राहत नाही, दाजींची सकाळ शांत जाईल. एवढंच. पण बाहेर मागणी पडते तेव्हा रुपया घसरला म्हणून ऑर्डर टिकते, हा दाजींचाच अनुभव आहे. ते त्या ओघात विसरले.

राहिला सार्क. २०२२मध्ये श्रीलंकेचा रुपया डॉलरला २०० वरून ३६०च्या आसपास गेला आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेनं एप्रिलमध्ये एका फटक्यात व्याज ७ टक्क्यांनी वाढवलं. चलन एकच असतं तर मुंबईत बसलेल्या गव्हर्नरनं काय करायचं होतं? कोलंबोसाठी सोलापूरच्या यंत्रमागवाल्याचं कर्ज ७ टक्क्यांनी महाग करायचं, की कोलंबोला पगारकपातीच्या रांगेत उभं करायचं? नेपाळचं उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. त्यांचा रुपया १९९३पासून आपल्या १ रुपयाला १.६० असा बांधलेला आहे आणि ते निभतंय. पण नेपाळी माणसाला सीमेवर व्हिसा लागत नाही, तो उद्या इथं येऊन काम धरू शकतो. हीच मुभा लाहोर आणि ढाक्याला द्यायची आहे का, ते त्या फॉरवर्डवाल्याला विचारा, दाजी, आणि त्याचं उत्तरही ग्रुपवर टाका.