बाळाचं बिलिरुबिन ११.२ आणि शेजारी छापलेलं ०.३ ते १.२

‘रिपोर्टमध्ये बिलिरुबिन १.२ च्या वर म्हणजे लिव्हर खराब. आमच्या तीन दिवसांच्या बाळाचं ११.२ आलंय!’

०.३ ते १.२ हा आकडा मोठ्या माणसांचा आहे. बऱ्याच लॅबचं मशीन वय न बघता तोच छापतं आणि पुढे ‘H’ ठोकतं. नवजात बाळाच्या तांबड्या पेशी भराभर तुटतात, त्यातून पिवळं बिलिरुबिन तयार होतं आणि ते बाहेर टाकणारं लिव्हर अजून शिकाऊ असतं, म्हणून पिवळेपणा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त दिसतो.

डॉक्टर हा आकडा बाळाच्या वयाच्या तासांवर लावून बघतात. पूर्ण दिवसांचं, एरवी धोका नसलेलं बाळ ७२ तासांचं असेल, तर निळ्या दिव्याखाली ठेवायची पातळी साधारण १८ च्या आसपास येते. तेच ११.२ विसाव्या तासाला आलं असतं तर मात्र धावपळच. पहिल्या २४ तासांतली कावीळ कधीच नॉर्मल धरत नाहीत.

रिपोर्टमध्ये ‘डायरेक्ट’ बिलिरुबिनची ओळही बघा. ती १ च्या वर असेल किंवा शी पांढुरकी होत असेल, तर थांबू नका. बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, तरीही लगेच दाखवा. (कोवळं ऊन हा दिव्याला पर्याय नाही, आजी रागावल्या तरी.)