तो चष्मा घालवायचा व्हिडिओ मला पाठवू नका

आज सकाळी घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच व्हिडिओ. बुबुळं गोल फिरवा, तळहात डोळ्यांवर ठेवा, तीस दिवसांत चष्मा जाईल. गप्प बसणार होते, पण नाही बसवत.

माझी लेक पाच वर्षांची होती. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचा नंबर +५ सांगितला, डाव्याचा +१. घरात सगळे म्हणाले, एवढ्याशा पोरीला चष्मा? गाजर द्या, व्यायाम करून घ्या, कमी उजेडात वाचू देऊ नका. आम्ही ऐकलं. दोन वर्षं ऐकलं! ती छान वाचायची, रंगवायची, म्हणून आम्हीही निर्धास्त. ते सगळं ती डाव्या डोळ्याने करत होती.

सातव्या वर्षी पुन्हा तपासायला नेलं. उजवा डोळा झाकला, ती शांत. डावा झाकला मात्र, तिने डॉक्टरांचा हात ढकलला आणि मान वाकडी करून त्यांच्या बोटांच्या फटीतून बघायला लागली.

+५ म्हणजे बहुतेक वेळा नेत्रगोलच आखूड असतो, दीड-दोन मिलिमीटरने. बुबुळं फिरवून तो लांब होत नाही. शंभर वर्षांपूर्वी विल्यम बेट्स नावाचे अमेरिकन डॉक्टर म्हणाले होते की बाहेरचे स्नायू नेत्रगोलाचा आकार बदलतात आणि त्यानेच फोकस होतो. चूक होतं ते. फोकस आतलं भिंग करतं. लहान मूल भिंगावर जोर देतं, पण तो दोन्ही डोळ्यांत सारखाच लागतो, बऱ्या डोळ्याला पुरेल एवढाच. दुसऱ्याचं चित्र कायम धूसर. मग मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. आणि मेंदूची ही घडण सात-आठ वर्षांपर्यंतच जोरात चालते. आमची त्यातली दोन गेली.

गाजराने रातांधळेपणा टळतो, तोही अ जीवनसत्त्व कमी असेल तरच. नंबर उतरत नाही. मंद उजेडात डोळे थकतात, झोपून उठलं की ठीक होतात. त्यावरून पोरीला किती बोललो आम्ही!

हो, जवळचं बघताना दोन्ही डोळे नीट आत वळत नसतील तर डॉक्टरच डोळे आत वळवायचा व्यायाम देतात, त्याने फरक पडतो. नंबर त्यानेही जात नाही.

मग चष्मा लागला, आणि रोज दोन तास डाव्या डोळ्यावर पट्टी. पहिल्या आठवड्यात ती पुस्तक नाकाला लावून रडायची, 'आई, अक्षरं कुठे गेली?' वर्षभराने उजवा डोळा ६/३६ वरून ६/१२ वर आला. पुढे सरकला नाही.

वहिनी, व्हिडिओ तुम्ही प्रेमाने पाठवलात, माहीत आहे. तुमचा छोटा चार वर्षांचा आहे. आज खेळता खेळता त्याचा एकेक डोळा झाकून बघा. हात ढकलला तर लगेच फोन करा, मी सोबत येते. नाही ढकलला तरी एकदा थेंब घालून तपासून घ्या.