फोटोतले सगळे आकडे मिळवले की उत्तर येत नाही

«वेन आकृतीचा फोटो आला की दिसतील तेवढे आकडे मिळवायचे. किमान एक छंद असलेली मुलं तेवढीच. सूत्राची गरज नाही आणि वर्गाचा पट बघायचीही गरज नाही.»

सांगलीतल्या नववीच्या पालकांमध्ये हे सध्या फार फिरतंय. मुलं ते खरं मानून गणित सोडवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

समजा फळ्यावर चौकट आहे आणि आत तीन वर्तुळं: कबड्डी, नाटक, पोहणं. फक्त कबड्डी ११, फक्त नाटक ६, फक्त पोहणं ७. कबड्डी-नाटक दोन्ही पण पोहणं नाही अशी ५, नाटक-पोहणं ४, कबड्डी-पोहणं ३. मधोमध, तिन्हींची आवड असलेली ८. वर्तुळांबाहेर, चौकटीच्या कोपऱ्यात ६. वर्तुळांच्या नावांपाशी २७, २३, २२ असं लिहिलेलं. वर्गात मुलं ५०.

दिसतील तेवढे आकडे मिळवले तर १२२ येतात, म्हणजे वर्गात नसलेली ७२ मुलं जास्त. कारण नावापाशी लिहिलेला आकडा हा अख्ख्या वर्तुळाचा असतो. कबड्डीचे २७ म्हणजे ११, ५, ३ आणि ८ यांचीच बेरीज. ती मुलं आत एकदा मोजून झालेली असतात. कोपऱ्यातले ६ तर यातलं काहीच न आवडणारे, त्यांना संयोग संचात, म्हणजे किमान एक छंद असलेल्या मुलांत, जागाच नाही. वर्तुळांच्या आतले सात कप्पे तेवढे मिळवायचे: २४, १२ आणि ८, एकूण ४४. दाव्यात खरं आहे ते एवढंच, आणि तेही प्रत्येक कप्प्यात फक्त त्या कप्प्याचीच मुलं लिहिली असतील तर.

सूत्र लागतं ते नेमकं इथे. काही जण कबड्डी आणि नाटक यांच्या सामाईक भागात ५ न लिहिता १३ लिहितात, म्हणजे मधले ८ धरून. तसंच पुढे १२ आणि ११. फोटोत दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. ओळखायचं कसं? एका वर्तुळातले कप्पे मिळवून नावापाशच्या आकड्याशी ताडून बघा. ११, १३, ११, ८ यांची बेरीज ४३ होते, २७ नाही. म्हणजे सामाईक भागात मधली मुलंही धरली आहेत. मग २७ + २३ + २२ = ७२, त्यातून १३ + १२ + ११ = ३६ वजा, उरले ३६. मधली ८ मुलं ७२ मध्ये तीनदा आली होती आणि वजाबाकीत तीनदाच गेली, म्हणजे पूर्ण पुसली गेली. म्हणून ८ परत मिळवायचे. उत्तर तेच, ४४. सूत्रातलं शेवटचं अधिकचं पद मुलं विसरतात, कारण ते कशासाठी आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

आता पट. फोटोवरून गणित करताना माझ्या मते सगळ्यात मोलाचा आकडा हाच. खडूने लिहिलेला १ आणि ९ तिरप्या फोटोत सहज गल्लत करतात. समजा फक्त कबड्डीचे ११ तुम्ही १९ वाचलेत. आतले सात कप्पे मिळून ५२ झाले, बाहेरचे ६ धरून ५८, आणि पट ५०. चूक आहे हे लगेच कळलं. कुठे आहे हेही कळतं: कबड्डीचं वर्तुळ २७ ऐवजी ३५ भरतंय, नाटक आणि पोहणं मात्र बरोबर जुळतात. म्हणजे जो आकडा एकट्या कबड्डीत आहे तोच चुकला. दोन वर्तुळं सारख्याच फरकाने चुकली तर त्यांच्या सामाईक कप्प्यात बघा, तिन्ही चुकली तर मधला आकडा तपासा. तिन्ही जुळली पण पट जुळला नाही, तर बहुतेक कोपऱ्यातला आकडा फोटोत कापला गेला आहे. दोन आकडे चुकीचे वाचले असतील आणि त्या चुका एकमेकींना खाऊन टाकत असतील, तर मात्र ही तपासणी फसू शकते.

मधल्या आकड्यावर चकाकी आली असेल तरी अडत नाही. २७ मधून ११, ५, ३ काढा, ८ मिळतात. नाटकाच्या वर्तुळातूनही ८ च यायला हवेत.

पट वापरताना एक जपायचं. छंद विचारले त्या दिवशी दोन मुलं गैरहजर असतील आणि हजेरीपटावर ५२ नावं असतील, तर ५२ मधून ६ वजा करून ४६ म्हणणं चूक. गैरहजर मुलं वर्तुळातही नाहीत आणि कोपऱ्यातल्या सहांतही नाहीत. चौकटीत आहेत ती फक्त उत्तर दिलेली ५०, आणि वजाबाकी त्यांच्यातूनच करायची.