आजींच्या हनुवटीवरचं गोंदण

"मोबाईलवर दहा सेकंदांत फुकट होणाऱ्या पेन्सिल स्केचचे १,८०० रुपये घेतले, वर तीन दिवस लावले. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला एआयचा नमुना जास्त छान होता, तो छापायला मात्र नकार दिला."

नमस्कार ताई. आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या तोंडावर तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. तो नमुना काहीही न सांगता पाठवला, ही चूक माझी.

अ‍ॅपमधली तुमची फाईल १,०८० पिक्सेल रुंद होती. स्टेटसला ती उत्तम दिसते, आणि तेवढ्यासाठी मी कुणालाच पैसे घालवायला सांगणार नाही. पण तुमची फ्रेम १८ इंची. तिथे इंचाला ६० पिक्सेलच येतात आणि रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते. मूळ ६ इंची फोटो आम्ही ६०० डीपीआयला स्कॅन केला, म्हणून त्याच मापाला इंचामागे २०० मिळाले.

एआयचा नमुना स्टेबल डिफ्युजन १.५ या चित्रं बनवणाऱ्या एआय मॉडेलवर केला होता. हे मॉडेल चित्र आधी दोन्ही बाजूंनी आठपट लहान करून घेतं आणि त्यावर काम करतं. नऊ जणांच्या फोटोत एकेक चेहरा जेमतेम ४८ पिक्सेलचा, म्हणजे मॉडेलच्या हाती रुंदीला सहा घरं. एवढ्यात नाक-डोळे मावत नाहीत, मग ते मनाने भरतं. मूळ चित्र किती बदलायचं ते ठरवणारी डिनॉइझिंग स्ट्रेंग्थ ०.५५ ठेवली तेव्हा स्केच सुरेख उतरलं, पण आजींच्या हनुवटीवरचं गोंदण गेलं आणि आडवं कुंकू गोल टिकली झालं. ०.३ वर चेहरे राहिले, पण पेन्सिल उतरलीच नाही, नुसता करडा फोटो. आजींचा चेहरा वेगळा कापून, मोठा करूनही पाहिला. स्वच्छ आला, पण त्या आजी नव्हत्या. पत्रिकेमागे वाडा किंवा तुळशीवृंदावन हवं असेल तर मी हेच मॉडेल वापरतो, कारण तिथे कुणाचा चेहरा ओळखायचा नसतो.

म्हणून काम जिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. फोटो कृष्णधवल, त्याची प्रत रंग उलटे करून धूसर, आणि ती मूळ फोटोवर डॉज मोडमध्ये, म्हणजे खालचं चित्र उजळवणाऱ्या पद्धतीने ठेवली. सपाट भाग पांढरा होतो, कडा रेघा बनून राहतात. चेहऱ्यांना १० पिक्सेलचा ब्लर, साड्यांना २५. इतकं तासाभरात होतं. वेळ गेला तो जुन्या खरबरीत कागदाच्या दाण्यात: तो तसाच ठेवला तर चेहऱ्यांवर ठिपके उठतात, आणि फिल्टरने काढला तर त्याच्याबरोबर गोंदणही पुसलं जातं. म्हणून नऊही चेहऱ्यांना हाताने मास्क केला, म्हणजे तेवढा भाग वेगळा निवडून हाताळला.

दुकानात या, तिन्ही फाईलींतला आजींचा चेहरा खऱ्या मापात छापून शेजारी ठेवतो. त्यानंतरही एआयचाच हवा वाटला तर तो १८ इंचांत विनामूल्य छापून देईन.