नियत बदलली की हुकूम बदलतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

> ताई, लेख वाचला. पाळीत कुराण वाचायचं नाही पण दुआ मागायची, आणि दुआ तर कुराणातल्याच आयतींच्या. ही सरळसरळ पळवाट आहे. घरच्या बायकांकडून ऐकलेलं शिकलेल्या बाईनं धर्मशास्त्र म्हणून लिहू नये. आमच्याकडे वारकरी बायका चारही दिवस नाम घेतात, कोणी अडवत नाही. तुमच्याकडे बाई अपवित्रच, हे एकदा मान्य करून टाका. आणि मोबाईलवर कुराण वाचलं तर काय, ते तर लिहिलंच नाही.

नमस्कार.

मोबाईलचा प्रश्न रास्त आहे. तो लेखात यायला हवा होता, खाली लिहिते. बाकीच्या मजकुराबद्दल मात्र आधी एक सांगते. मतभेद असतील तर जरूर मांडा, पण 'घरच्या बायकांकडून ऐकलेलं' हे ज्या सुरात लिहिलंत तो सूर मला लागला. लागला, म्हणून उत्तर लांबणार आहे.

माझी नानी रत्नागिरीजवळच्या एका गावात घराच्या पडवीत मुलींना कुराण शिकवायची. वयात आलेल्या मुली मौलवींना हैजचे, म्हणजे पाळीबद्दलचे, मसले विचारायला लाजत, ते सगळे प्रश्न नानीकडे येत. नमाजची वेळ लागली, अजून पढली नव्हती आणि पाळी आली, तर ती नमाज नंतर फेडायची का? आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या चार मजहबांपैकी, चार परंपरांपैकी, एक मानणारे. शाफई मताप्रमाणे वेळ लागल्यावर नमाज उरकण्याइतका अवधी मिळाला असेल तर ती फेडावी लागते. हनफी मताप्रमाणे वेळ संपण्याआधी पाळी आली तर ती माफ होते. नानी दोन्ही मतं सांगायची आणि मग 'आपण शाफई' म्हणून आपलं सांगायची. ही तुमची ऐकीव माहिती! मी पुढे किताबी वाचल्या तेव्हा त्यांत तेच सापडलं.

आणि 'घरच्या बायका' म्हणून नाक मुरडण्याआधी हेही ऐका. या विषयातलं मूळ ज्ञान आलंच मुळी एका घरातल्या बाईकडून. मुआजा नावाच्या बाईनं पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांना विचारलं, की पाळीत सुटलेले रोजे फेडायचे आणि नमाजा फेडायच्या नाहीत, असं का? आयेशांनी सांगितलं, पैगंबरांच्या काळात आम्हाला पाळी यायची तेव्हा रोजे फेडायला सांगितलं जायचं, नमाजा फेडायला नाही. चारही सुन्नी मजहबांत आजही हाच हुकूम आहे. बाईनं विचारलं, बाईनं सांगितलं, आणि इमामांनी ते लिहून घेतलं.

आता 'पळवाट'. हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. शाफई मजहबात पाळीच्या दिवसांत कुराणाची तिलावत, म्हणजे कुराण म्हणून जिभेनं पठण, मना आहे. मुसहफ, म्हणजे कुराणाची प्रत, हातात घेणं मना आहे. पण तेच शब्द जिक्र, म्हणजे अल्लाचं स्मरण, म्हणून किंवा दुआ म्हणून उच्चारले तर चालतात. सातव्या हिजरी शतकातल्या इमाम नववींनी याची उदाहरणंच दिली आहेत. संकटात 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन', सवारीवर बसताना 'सुब्हानल्लजी सख्खर लना हाजा', आणि दुआ मागताना 'रब्बना आतिना फिद्दुन्या हसना'. तिन्ही कुराणातलीच वाक्यं आहेत. पाळीतली बाई ती म्हणू शकते, फक्त कुराण पढण्याचा इरादा नको.

समजा, एक मुलगी पडवीत सूरा बकराचा सबक घेऊन बसली आहे आणि 'इन्ना लिल्लाहि'ची आयत आली. तिला पाळी असेल तर बाकीच्या सबकासारखी हीही आयत ती जिभेनं पढणार नाही, कारण इथे ती सबक म्हणून आली आहे. तेवढ्यात फोन येतो की मामा गेले. तिच्या तोंडून तेच शब्द निघतात. शब्द तेच, मुलगी तीच, पण पहिल्या वेळी ती तिलावत झाली असती आणि दुसऱ्या वेळी तो दुःखातला उद्गार आहे. यात पळवाट कुठे आहे ते मला दाखवा. नियत म्हणजे इरादा, आणि आमच्याकडे नमाजही त्यावरच उभी असते. नियत नसेल तर तेच उठणं-वाकणं नमाज होत नाही. हा नियम पाळीपुरता काढलेला नाही.

लग्नानंतर मी पुण्यात हनफी घरात आले. सासूबाईही मुलींना शिकवायच्या. हनफी मताप्रमाणेही पाळीत तिलावत मना आणि दुआच्या आयती दुआ म्हणून चालतात. पण शिकवणारणीला ते एक सवलत देतात, ती म्हणजे शब्द तोडून शिकवायचं. 'अल्हम्दु', थांबायचं. 'लिल्लाहि', थांबायचं. 'रब्बिल', 'आलमीन'. अख्खी आयत एका दमात नाही म्हणायची. हे बोलायला सोपं आहे, करून बघा. पाठ असलेली सूरा जिभेवर आपोआप धावते. तिसऱ्या-चौथ्या शब्दाला लय लागायची आणि सासूबाई स्वतःच ओठ मिटून पुन्हा सुरुवात करायच्या. हिफ्ज, म्हणजे कुराण तोंडपाठ, करणाऱ्या मुलींना मग दुसरी वाट उरते. रेकॉर्डिंग ऐकायचं, नाहीतर जीभ न हलवता मनातल्या मनात उजळणी करायची. यांपैकी कशालाच मनाई नाही.

मालिकी मताप्रमाणे तर पाळी चालू असताना पाठ असलेलं कुराण पढायला परवानगीच आहे. कारण व्यवहारातलं आहे. पाळी थांबवणं बाईच्या हातात नाही, आणि इतके दिवस खंड पडला तर पाठ केलेलं विसरेल. 'पाळीतल्या बाईनं कुराणातलं काहीही पढू नये' ही जी हदीस मनाईसाठी सांगतात, ती तिरमिजींच्या संग्रहात आहे, आणि तिथेच तिच्या एका कथनकर्त्याबद्दल इमाम बुखारींचा आक्षेपही नोंदलेला आहे. म्हणजे या प्रश्नावर आमच्यातच शेकडो वर्षं वाद चालू आहे, आणि तो पुराव्यानं चालू आहे. तुम्ही एका शब्दात मिटवलात.

'अपवित्र' हे मी मान्य करणार नाही. आयेशा पाळीत असताना पैगंबर त्यांच्या मांडीवर टेकून कुराण पढायचे, ही त्यांचीच रिवायत आहे. जिच्या मांडीवर कुराण पढलं गेलं तिला अपवित्र म्हणायचं असेल तर तुमच्या जबाबदारीवर म्हणा. नमाज सुटते, पण तस्बीह, दरूद, इस्तिगफार, दुआ यांतलं काहीही सुटत नाही. नानी त्या दिवसांतही अजान झाली की जानमाजच्या कडेला बसून तस्बीह ओढायची, सवय मोडू नये म्हणून.

वारकऱ्यांचा दाखला दिलात. नामाला विटाळ नाही हे त्यांचं म्हणणं मला मनापासून आवडतं. अल्लाचं नाव घ्यायला आमच्याकडेही अडकाठी नाही, लेखात ते स्पष्ट लिहिलं होतं. पण माझ्या शेजारच्या माळकरी घरात बाई त्या चार दिवसांत हरिपाठ म्हणते आणि देवघराला हात लावत नाही, हेही मी बघते. तिला मी कधी 'पळवाट' म्हटलेलं नाही.

आता मोबाईल. आजच्या बऱ्याच आलिमांच्या मते फोन म्हणजे मुसहफ नाही. त्यामुळे कुराणाचं ॲप असलेला फोन हातात घ्यायला, आयती नजरेनं वाचायला आणि तर्जुमा वाचायला हरकत नाही. काही जण स्क्रीनवर आयती उघड्या असताना त्यावर बोट न टेकवण्याची खबरदारी घ्यायला सांगतात. पण फोन हातात घेता येतो म्हणून मोठ्यानं पढता येतं, असं नाही. हात लावणं आणि जिभेनं पढणं हे दोन वेगळे मसले आहेत. शाफई आणि हनफी बाईनं फोनवरून वाचतानाही जीभ हलवायची नाही. मालिकी मत मानणारी पढू शकते.